खरेदीपत्राच्या दिवसाचा निरोप: कुणी किती वाजता यायचं, काय आणायचं

"उद्या 11 ला रजिस्टर ऑफिसला या. आधार, पॅन घेऊन या." खरेदीपत्राच्या आदल्या रात्री बहुतेक ठिकाणी एवढाच निरोप ग्रुपवर पडतो. कोणतं ऑफिस, 11 ही टोकनची वेळ की पोचायची, पॅन साक्षीदारानेही आणायचं का, मूळ कागद कुणी आणायचे, किती वेळ लागेल, यातलं काहीच त्यात नसतं. मग सकाळी एक जण दुसऱ्याच ऑफिसच्या दारात उभा राहतो, एकाच्या आधारवर वडिलांचं नाव निघतं आणि पॅनवर नुसतं आद्याक्षर, आणि साक्षीदार म्हणतो, "मला अर्ध्या तासात दुकान उघडायचंय."

कोल्हापुरात अशी कामं जवळून पाहत आल्यामुळे माझं ठाम मत झालंय की हा निरोप सगळ्यांना एकच नसावा. विकणाऱ्यांना वेगळा, घेणाऱ्यांना वेगळा आणि साक्षीदारांना वेगळा पाठवावा. का, ते नोंदणीचं काम आत कसं चालतं हे पाहिलं की लगेच लक्षात येतं.

आपण एक व्यवहार धरून चालू. राजारामपुरीतला फ्लॅट, किंमत 42 लाख. विकणारे दोघे: 72 वर्षांच्या आई आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा. वडील वारल्यावर वारसनोंद होऊन फ्लॅट या दोघांच्या नावावर आलाय. घेणारे नवरा-बायको, दोघांच्या नावावर. साक्षीदार दोन. टोकन मिळालंय गुरुवारी सकाळी साडेअकराचं.

हे टोकन कुठून आलं, हे आधी बघू. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर दस्ताची माहिती आपणच किंवा आपल्या वकिलाने आधी भरायची असते: पक्षकारांची नावं, पत्ते, पॅन, मिळकतीचं वर्णन, किंमत, भरलेलं मुद्रांक शुल्क. याला पब्लिक डेटा एन्ट्री, बोलीभाषेत पीडीई म्हणतात. ती पूर्ण झाली की एक नंबर मिळतो आणि त्या नंबरावर ई-स्टेपइन या सोयीतून एका ठरावीक ऑफिसमधली, ठरावीक दिवसाची वेळ घेता येते. म्हणजे टोकन हे त्या ऑफिसपुरतं आणि त्या दस्तापुरतं असतं. कोल्हापूर शहराचं काम करवीरच्या दुय्यम निबंधकांकडे चालतं आणि करवीरची ऑफिसं क्रमांकवार एकाहून जास्त आहेत. म्हणून निरोपात "रजिस्टर ऑफिस" एवढंच लिहू नये. टोकनावर जो क्रमांक आहे तो जसाच्या तसा लिहावा आणि मोबाईलवरून ठिकाणही पाठवावं.

आता आतलं काम. नोंदणी झालेल्या कुठल्याही दस्ताची शेवटची पानं उघडा. गोषवारा भाग 1 आणि भाग 2 अशी दोन पानं असतात. त्यावर चार शिक्के आणि प्रत्येकापुढे तारीख-वेळ छापलेली असते. पहिला सादरीकरणाचा, दुसरा फीचा, तिसरा कबुलीचा, चौथा ओळखीचा. माझ्या मते निरोपातल्या वेळा या चार शिक्क्यांवरून ठरवाव्यात.

सादरीकरण म्हणजे दस्त टेबलावर ठेवणं. दस्त लिहून देणारा किंवा लिहून घेणारा, कुणीही तो सादर करू शकतो. सहसा घेणाराच करतो, कारण शुल्क त्याने भरलेलं असतं आणि घाईही त्यालाच असते. फीच्या वेळी नोंदणी फी आणि पानांप्रमाणे दस्त हाताळणी शुल्क जमा झालंय का, हे चलनावरून तपासतात आणि चलन 'डिफेस' करतात, म्हणजे ते पुन्हा वापरता येणार नाही असं करून टाकतात. कबुलीच्या वेळी अधिकारी लिहून देणाऱ्यांना विचारतात: हा दस्त तुम्हीच केला का, सही तुमचीच का, मजकूर मान्य आहे का? तिथेच वेबकॅमवर फोटो आणि यंत्रावर अंगठा घेतला जातो. आणि ओळखीच्या वेळी दोन साक्षीदार सांगतात की या माणसांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो.

म्हणजे घेणारे पहिल्या शिक्क्यापासून लागतात, विकणारे तिसऱ्याला लागतात आणि साक्षीदार चौथ्याला. आपल्या व्यवहारात टोकन साडेअकराचं, तर घेणाऱ्यांनी साडेदहाला, विकणाऱ्यांनी पावणेअकराला आणि साक्षीदारांनी सव्वाअकराला पोचावं. विकणारे कबुलीच्या इतके आधी का? कारण कबुलीआधी दस्ताच्या पानापानावर सह्या, फोटो चिकटवणं आणि शेवटच्या पानावर अंगठे हे सगळं पक्षकारांचं व्हायचं असतं. 72 वर्षांच्या बाईंना तीस-चाळीस पानांवर सह्या करायला वेळ लागतो आणि घाई केली की सही बदलते. सह्या आदल्या दिवशी वकिलाकडे बसून करून घेतल्या तर सगळ्यात बरं. फक्त त्यात एक अट आहे: मुद्रांक शुल्काचं चलन सह्या होण्याआधी भरलेलं हवं. दस्ताची तारीख बुधवारची आणि चलन गुरुवारचं, असं ठेवू नये.

परत जाण्याची वेळ मात्र निरोपात कधीच नक्की लिहू नका. टोकनची वेळ ही काम सुरू होण्याची वेळ आहे. आधीचा दस्त लांबला, सर्व्हर बसला, की अकरा-साडेअकराचं काम जेवणाच्या सुट्टीपलीकडे जातं. "दुपारी 3 पर्यंत दुसरं काम ठेवू नका" असं स्वच्छ लिहावं. लवकर सुटलो तर कुणाची तक्रार नसते.

आता एकेकाचा निरोप. आधी विकणाऱ्यांचा, कारण त्यातच सगळ्यात जास्त अडकतं. आपल्या व्यवहारात घेणाऱ्या वहिनींनी काकूंना पाठवलेला निरोप साधारण असा असावा:

"नमस्कार काकू. गुरुवारी आपलं खरेदीपत्र आहे. करवीरच्या ज्या ऑफिसचं टोकन आहे त्याचा क्रमांक आणि ठिकाण खाली पाठवते. आपलं टोकन 11:30 चं आहे, पण सह्यांना वेळ लागतो म्हणून तुम्ही आणि दादा 10:45 ला पोचा. दोघांचंही मूळ आधार आणि मूळ पॅन आणा, सोबत प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो. फ्लॅटचा मूळ जुना दस्त, असोसिएशनचा ना-हरकत दाखला, घरफाळ्याची आणि वीजबिलाची शेवटची पावती, आणि चाव्या. दादा पुण्याहून बुधवारी रात्रीच आले तर बरं. चष्मा आणि रोजची औषधं विसरू नका. दुपारी 3 पर्यंत वेळ ठेवा. काही अडलं तर मला रात्री फोन करा, कितीही वाजता."

यातली काही वाक्यं मुद्दाम आहेत. "दोघांचंही" हे लिहावंच लागतं, कारण मुलाला वाटतं आईचं नाव आधी आहे, आपण नाही गेलो तरी चालेल. चालत नाही. दस्तात लिहून देणार म्हणून ज्याचं नाव आहे, त्या प्रत्येकाची कबुली लागते. मुलगा त्या दिवशी पोचलाच नाही तर सगळं रद्द होतं असं मात्र नाही. नोंदणी कायद्यात सगळ्या पक्षकारांनी एकाच वेळी हजर राहायची सक्ती नाही. आईची कबुली त्या दिवशी होऊ शकते आणि मुलगा नंतर येऊन देऊ शकतो, पण सही झाल्याच्या तारखेपासून 4 महिन्यांच्या आत. त्यापुढे उशीर झाला तर आणखी 4 महिन्यांपर्यंत दंड भरून परवानगी मागता येते आणि तो दंड नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो. खरी अडचण कायद्याची नसते, पैशांची असते. अर्धी कबुली झालेल्या दस्तावर घेणारा पूर्ण रक्कम देणार नाही आणि त्याने देऊही नये.

पुण्याहून रात्रीच या, हेही मानपानापुरतं लिहिलेलं नाही. अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आणि महामार्गावर ठिकठिकाणी कामं. पहाटे निघून पावणेअकराला पोचतो म्हणणारे अनेकदा साताऱ्याच्या अलीकडे अडकलेले असतात.

"मूळ" हा शब्द प्रत्येक कागदापुढे लिहावा. व्हॉट्सॲपवर फोटो आहे, मोबाईलमध्ये पीडीएफ आहे, असं सांगून काम भागत नाही. तिथे मूळ कार्ड बघून झेरॉक्स दस्ताला जोडतात. जुना मूळ दस्त तर नोंदणीपेक्षाही घेणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी हवा. तो ताब्यात नसेल तर तो कुठल्या बँकेत गहाण तर नाही ना, हा प्रश्न गुरुवारी टेबलावर विचारायचा नसतो. त्याआधीच विचारून मोकळं व्हायचं असतं.

नावाची तपासणी निरोप पाठवायच्या आधी करावी आणि ती स्वतः करावी. मालमत्ता पत्रक, जुना दस्त, आधार, पॅन, नवा मसुदा आणि पीडीई अशा सहा ठिकाणी एकच नाव आहे का बघायचं. काकूंच्या वयाच्या बायकांच्या बाबतीत जुन्या दस्तात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव नाही, असं सर्रास असतं. हे तीन दिवस आधी दिसलं तर मसुद्यात 'उर्फ' लावून किंवा विवाहाचा दाखला, गॅझेट जोडून मार्ग निघतो. अकरा वाजता दिसलं तर पीडीई दुरुस्त करा, पान बदला, पुन्हा सह्या करा, आणि तोवर टोकन निघून गेलेलं असतं. म्हणून पहिला निरोप तीन-चार दिवस आधी जावा आणि त्यात शेवटच्या मसुद्याची पीडीएफ असावी: "तुमचं नाव, वय, पत्ता, पॅन एवढं वाचून बरोबर आहे असं कळवा." नुसतं 'ओके' आलं तर फोन करून एकदा वाचून घ्या.

विकणाऱ्यांपैकी कुणी स्वतः येणार नसेल आणि कुलमुखत्याराने सही करायची असेल, तर मूळ नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र लागतं. शिवाय कुलमुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही, असं घोषणापत्र कुलमुखत्याराने द्यावं लागतं. ही तयारी आदल्या रात्रीच्या निरोपात मावणारी नाही, तिला आठवडे लागतात. आणि काकू जागच्या उठूच शकत नसतील तर? नोंदणी कायद्यात अधिकाऱ्याने घरी येऊन दस्त स्वीकारण्याची तरतूद आहे. कारण देऊन, फी भरून तसा अर्ज करता येतो. आजारी माणसाला खुर्चीत बसवून जिना चढवताना मी पाहिलंय. त्यांच्या घरच्यांना ही सोय कुणी सांगितलेलीच नव्हती. म्हणून विकणाऱ्यांना पहिल्याच बोलण्यात विचारावं: जिना चढता येईल ना?

अंगठ्याबद्दलही दोन शब्द. वय झालेल्यांचे, आयुष्यभर शेतात किंवा भांडी-धुण्यात हात घातलेल्यांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते पटकन घेत नाही. हात कोरडे, स्वच्छ असावेत, तेल किंवा ताजी मेंदी नसावी, इतकं आधी सांगितलं तरी फरक पडतो. ज्यांनी आधारचं बायोमेट्रिक मोबाईलवरून लॉक केलंय, त्यांची आधार पडताळणी अंगठ्यावर होणार असेल तर ते सकाळी उघडावं लागतं आणि काम झालं की परत लॉक करावं.

घेणाऱ्यांच्या यादीत मुख्य गोष्ट चलनांची. आपल्या व्यवहाराचा हिशेब मांडू. फ्लॅट महापालिका हद्दीत आहे, म्हणून मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि त्यावर 1 टक्का स्थानिक संस्थेचा, मिळून 6 टक्के. शासनाच्या वार्षिक दर तक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडीरेकनरने निघणारी किंमत 42 लाखांपेक्षा कमी आहे असं धरू. दोन्हींत जी जास्त तिच्यावर शुल्क, म्हणून 42 लाखांवर 2,52,000 रुपये. नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 42,000 व्हायला हवी होती, पण तिला 30,000 ची कमाल मर्यादा आहे, म्हणून 30,000. राहता फ्लॅट एकट्या वहिनींच्या नावावर घेतला असता तर शुल्कात 1 टक्का सवलत होती, म्हणजे 42,000 वाचले असते. नवऱ्याचं नाव सोबत आलं की ती सवलत नाही. हा निर्णय अर्थात चलन भरण्याआधी घरात बसून घ्यायचा असतो.

व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्तीचा असता तर घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा होता आणि त्याची पावती फाईलमध्ये हवी होती. इथे तो नाही, पण पॅन दोन्ही बाजूंचं लागतंच. म्हणून घेणाऱ्यांनी स्वतःसाठी केलेली नोंद अशी:

"साडेदहाला पोचायचं. दोघांचं मूळ आधार-पॅन, झेरॉक्स, फोटो. मुद्रांक आणि नोंदणी फीचं चलन, दस्त हाताळणी शुल्काची पावती, पीडीईचा नंबर व पासवर्ड, टोकनची प्रिंट. सह्यांचा मूळ दस्त आणि एक जादा प्रत. मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा. बँकेच्या माणसाला 11 ची वेळ. डीडीवर नावं: काकूंची वेगळी, दादांची वेगळी. डीडी नंबर दस्तात छापलाय का पाहणे."

बँकेचं कर्ज असेल तर बँकेच्या माणसाचा निरोप हा वेगळाच विषय होतो. डीडी कुणाच्या नावे किती रकमेचा, हे दस्तात जसं लिहिलंय तसंच हवं, आणि डीडी द्यायचा कधी, हे आधी ठरलेलं हवं. मी सांगेन: कबुली झाल्यावर, त्याच टेबलापाशी. आधी द्यायला घेणारा घाबरतो, नंतर देतो म्हटलं तर विकणारा कबुलीच देत नाही. दोघांना ही वेळ आधीच कळवली की तिथे बोलाचाली होत नाही. उरलेली रक्कम रोखीने द्यायचा विचार कुणी काढला तर तिथेच थांबवा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने चालत नाही.

साक्षीदारांचा निरोप सगळ्यात छोटा, पण त्यात एक वाक्य घालायला लोक विसरतात. साक्षीदार घाबरलेला असतो. उद्या व्यवहारात काही झालं तर मला पैसे भरावे लागतील का, ही भीती त्याच्या मनात असते आणि तो ती बोलून दाखवत नाही. मग ऐनवेळी त्याला काहीतरी काम निघतं. गोषवाऱ्यावर त्याच्या सहीच्या वर जो मजकूर छापतो, त्यात तो एवढंच सांगतो की दस्त करून देणाऱ्यांना मी व्यक्तिशः ओळखतो आणि त्यांची ओळख पटवतो. तो जामीन नसतो, किमतीची हमी देत नसतो, मिळकत निर्वेध आहे असंही सांगत नसतो. पण तो जे सांगतो ते खरं हवं. खोटी ओळख देणं हा नोंदणी कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला 7 वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून आवारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला दोनशे रुपये देऊन साक्षीला उभं करणं मला मुळीच पटत नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. विकणाऱ्यांना खरोखर ओळखणारा निदान एक शेजारी आणावा.

"काका, गुरुवारी काकूंच्या फ्लॅटच्या खरेदीपत्राला ओळख द्यायला तुम्ही येताय ना? 11:15 ला ऑफिसच्या दारात भेटू, ठिकाण पाठवतोय. मूळ आधार आणि एक झेरॉक्स आणा, बाकी काही नको. तुमचा फोटो आणि अंगठा घेतील, दोन सह्या लागतील. तुम्ही फक्त काकूंना आणि दादांना ओळखता एवढंच सांगायचंय, व्यवहाराची कसलीही जबाबदारी तुमच्यावर येत नाही. 3 पर्यंत मोकळे राहा. न्यायला रिक्षा पाठवू का?"

तिसरा साक्षीदार फोनवर तयार ठेवा. दोघांपैकी एकाचं आधार घरी राहतंच.

या सगळ्या निरोपांत काय लिहू नये, तेही सांगते. कुणाचंही आधार किंवा पॅन सगळ्यांच्या ग्रुपवर मागवू नका. ज्याचं त्याने वकिलाला किंवा दस्त करणाऱ्याला थेट पाठवावं. पीडीईचा पासवर्ड ग्रुपवर टाकू नका. आणि "नोंदणीसाठी ओटीपी सांगा" असा फोन अनोळखी नंबरवरून आला तर देऊ नका, हे काकूंना निरोपात नव्हे, फोनवर बोलून सांगा.

बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमारास प्रत्येकाला एक ओळ पुन्हा पाठवा: वेळ, ऑफिसचा क्रमांक, आणि "मूळ आधार पिशवीत ठेवलं का?" टोकन बदललं, सर्व्हर बंद असल्याचं कळलं, तर तो निरोप मात्र लिहून थांबू नका, एकेकाला फोन करा. पुण्याहून निघालेला माणूस गाडी चालवताना व्हॉट्सॲप बघत नसतो.

गुरुवारी काम उरकलं की शेवटचा एक निरोप घेणाऱ्यांनी विकणाऱ्यांना पाठवायचा असतो आणि तो बहुतेक जण पाठवत नाहीत. त्यात दस्ताचा क्रमांक, वर्ष आणि ऑफिस लिहावं आणि सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टूची प्रत जोडावी. काकूंना पुढे घरफाळ्याचं नाव कमी करायला, वीजजोडणी बदलून द्यायला आणि दादांना आयकर विवरणात ही विक्री दाखवायला तोच क्रमांक लागणार असतो.